टॅग काढला, की दिसूच दिला नाही?

ताई, आमच्या नात्याला १६ महिने झाले. तो इन्स्टावर भरपूर असतो. सायकल, मित्र, मित्रांची कुत्री, सगळं टाकतो, फक्त मी कुठेच नसते. मागच्या महिन्यात आम्ही दोघंच तीन दिवस फिरायला गेलो होतो. त्याने सात फोटो टाकले, त्यातले चार मी काढलेले. एकात खाली माझी सावली आलीय. एकात मला कापलंय, पण त्याच्या खांद्यावर माझी दोन बोटं राहिलीत. मी आमचा फोटो टाकून त्याला टॅग केलं, तर ते त्याच्या प्रोफाइलवर दिसत नाही. फेसबुकवर रिलेशनशिपची रिक्वेस्ट पाठवली, ती पाच महिने तशीच पडून आहे. विचारलं की म्हणतो, "फेसबुक कोण वापरतं आता? आणि मला असलं प्रदर्शन आवडत नाही." एरवी भेटतो तेव्हा खूप चांगला वागतो. मैत्रीण म्हणते, तो तुला लपवतोय. मी रोज त्याचं प्रोफाइल उघडून बघते आणि मग स्वतःचाच राग येतो. मी उगाच बाऊ करतेय का?
— दोन बोटं

प्रिय दोन बोटं,

तुझ्या मैत्रिणीने चारही गोष्टी एकाच तागडीत टाकल्या आणि निकाल देऊन मोकळी झाली. आपण त्या एकेक करून तोलू, कारण त्यांचं वजन सारखं नाही.

सगळ्यात हलकी आहे ती फेसबुकची रिक्वेस्ट, आणि तिचंही तुला बरंच लागलेलं दिसतंय. रिलेशनशिप स्टेटस ही त्या साइटवरची जरा विचित्र जागा आहे. तू त्याचं नाव घातलंस तरी त्याने मान्य केल्याशिवाय जोडी लागत नाही. मान्य केलं की शाळेतल्या बाकावरच्या मित्रापासून आधीच्या नोकरीतल्या साहेबापर्यंत सगळ्यांना ते कळू शकतं. पुढे नातं मोडलं तर ते काढावं लागतं, आणि काढलेलंही लोकांच्या लक्षात येतं. त्यामुळे नात्यात अगदी पक्के असलेले कित्येक लोक ती जागा रिकामी ठेवतात. रिकाम्या जागेवरून मी काही अनुमान काढणार नाही. तिथे 'सिंगल' असं लिहिलेलं असेल तर मात्र एकदा विचारावं, कारण ते कुणीतरी हाताने भरलेलं असतं. तेही अनेकदा कॉलेजात खातं उघडताना भरलेलं आणि नंतर विसरलेलं निघतं. तो खरंच फेसबुकवर फिरकत नसेल, म्हणजे शेवटची पोस्ट दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर पाच महिने रिक्वेस्ट पडून राहण्याचा अर्थ पाच महिने ती पडून राहिली एवढाच. मित्रांच्या वाढदिवसाला तो तिथे शुभेच्छा लिहीत असेल, तर मात्र "फेसबुक कोण वापरतं" हे उत्तर खोटं ठरतं. म्हणजे रिक्वेस्टपेक्षा तिच्यासाठी दिलेलं उत्तर जास्त बोलकं असू शकतं.

आता टॅग. इथे जरा थांबू, कारण "टॅग दिसत नाही" याचे तीन वेगळे अर्थ होतात आणि बहुतेक भांडणं ते न तपासताच होतात.

पहिला अर्थ असा, की त्याने इन्स्टाच्या सेटिंगमध्ये टॅग आपण मंजूर केल्यावरच दिसावेत असं ठेवलंय. मग कुणीही टॅग केलं तरी ते त्याच्या प्रोफाइलवर आपोआप येत नाही, मंजुरीची वाट बघत राहतं. हे लोक बऱ्याचदा जाहिरातवाल्या खोट्या खात्यांना कंटाळून करतात आणि मग मंजूर करायला विसरतात. दुसरा अर्थ, फोटो त्याच्यापर्यंत पोचला आणि त्याने 'माझ्या प्रोफाइलवर दाखवू नको' असं निवडलं. तिसरा, त्याने पोस्टमधून स्वतःचं नावच काढून टाकलं.

तिसरा ओळखणं सोपं आहे. तुझ्या खात्यावरचा तो फोटो उघड आणि त्यावर एकदा बोट टेकव. त्याचं नाव वर आलं, तर टॅग शाबूत आहे, फक्त त्याच्या घरी दिसत नाही. नाव आलंच नाही, तर तू लावलेलं नाव कुणीतरी मुद्दाम काढलंय. पहिला आणि दुसरा अर्थ बाहेरून अगदी सारखे दिसतात, त्यामुळे त्याच्या प्रोफाइलवरच्या टॅग केलेल्या फोटोंच्या रकान्यात जा. तिथे तुझ्या फोटोनंतर मित्रांनी टॅग केलेले फोटो आलेत का? तो रकाना वर्षभरापूर्वीच थांबलेला असेल, तर त्याने सगळ्यांचेच टॅग अडवलेत आणि तू त्यात एक आहेस. पण गेल्या आठवड्यातला सायकलवाल्या ग्रुपचा फोटो तिथे झळकत असेल आणि तुझा नसेल, तर त्याच्यासमोर दोन फोटो आले आणि त्याने एक ठेवला.

तुझं खातं खाजगी असेल, तर आणखी एक बारकावा. त्याने तुझा टॅग ठेवला असता, तरी तो तुझ्या फॉलोअर्सनाच दिसला असता. त्याच्या ऑफिसातल्या लोकांना, मावसभावंडांना तो दिसणारच नव्हता. "लोक बघतील" ही सबब तिथे फारशी टिकत नाही. उलट तुझं खातं सगळ्यांना खुलं असेल, तर त्याचा संकोच थोडा समजण्यासारखा आहे.

ही तपासणी एकदाच करायची. रोज नाही. रोज उघडून बघितल्याने उत्तर बदलत नाही, फक्त तुझी सकाळ खराब होते.

मग राहिली ती दोन बोटं. मला सर्वात जास्त बोचलं ते हेच, आणि टोपणनाव तेच घेतलंस म्हणजे तुलाही. फोटो न टाकणं म्हणजे काहीच न करणं. आळस, लाजाळूपणा, दुर्लक्ष, काहीही त्यामागे असू शकतं. कापणं हे मात्र काम आहे. फोटो निवडायचा, चौकट ओढायची, तुझा चेहरा कुठे संपतो ते बघायचं, आणि मग पोस्ट करायचं. नात्याविषयी काही सुचवत असेल, तर ती अशी खर्च केलेली मेहनत. तरीही त्या एका फोटोवरून फाशी देऊ नकोस. स्वतःचा चेहरा बरा आलेला एकच फोटो आहे म्हणून शेजारच्याला कापणारे पुष्कळ आहेत, मीही आमच्या एका कौटुंबिक फोटोतून सख्ख्या बहिणीला कापलंय आणि ती अजून ऐकवते. म्हणून त्याच्या बाकीच्या फोटोंकडे बघ. मित्रांसोबतच्या सहलीतही तो असाच सगळ्यांना कापतो, की त्यांना सगळ्यांना नावानिशी टॅग करतो?

आणि एक गोष्ट तू लिहिली नाहीस. त्या सात फोटोंखाली काय लिहिलं होतं? "तीन दिवस, डोंगर आणि शांतता" असं काही असेल, तर तू वगळली गेलीस. "एकट्याने फिरण्याची मजा" असं असेल, तर ते वगळणं नाही, थाप आहे. बघणाऱ्याला मुद्दाम चुकीचं चित्र दिलंय. या दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

त्याच्या "प्रदर्शन आवडत नाही" या वाक्याचीही परीक्षा अशीच, त्याच्याच सवयीशी ताडून करायची. दुसऱ्या कुठल्या जोडप्याशी तुलना करू नकोस. जो माणूस वर्षाला दोन फोटो टाकतो आणि तेही ढगांचे, त्याने प्रेयसीचा फोटो टाकला नाही यात नवल नाही. जो मित्राच्या कुत्र्याचा वाढदिवस साजरा करतो, त्याला प्रदर्शन आवडत नाही असं म्हणता येत नाही. त्याला एका विशिष्ट गोष्टीचं प्रदर्शन नको आहे. ते का नको, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुला लगेच घाबरवणारंच असेल असं नाही.

यावर थोडाफार अभ्यास झालाय, तो दोन्ही बाजूंनी बोलतो. २०१२ साली ५८ जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्या पुरुषांनी फेसबुकवर आपण नात्यात असल्याचं लिहिलं होतं, आणि ज्या स्त्रियांनी प्रोफाइल फोटोत जोडीदाराला घेतलं होतं, ते स्वतः आणि थोड्या प्रमाणात त्यांचे जोडीदारही नात्यात जास्त समाधानी आढळले. हे वाचून तू लगेच "बघा, मी म्हणत होते ना" म्हणशील. पण समाधानी लोक असं लिहितात, की लिहिल्याने समाधान येतं, हे त्यातून कळत नाही. त्याने उद्या तुझी रिक्वेस्ट मान्य केली म्हणून नातं आपोआप सुधारणार नाही.

२०१४ सालचा दुसरा अभ्यास मला तुझ्यासाठी जास्त कामाचा वाटतो. ज्यांना जवळीक जरा अंगावर येते, मोकळी जागा लागते, त्यांना आपलं नातं इंटरनेटवर कमी दिसावंसं वाटतं. ज्यांना आपल्याला सोडून जाण्याची धास्ती असते, त्यांना ते जास्त दिसावंसं वाटतं. आणि रोजच्या नोंदींमधून पुढे आलं, की जोडीदाराच्या भावनांविषयी ज्या दिवशी जास्त असुरक्षित वाटतं, त्या दिवशी लोक नातं जास्त जाहीर करतात. म्हणजे पडद्यावरचा फोटो कधी आनंदातून येतो, कधी भीतीतून. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच गोड दिसतात.

आता स्वतःला विचार, तू तो टॅग केलेला फोटो कोणत्या दिवशी टाकलास? सहल छान झाली म्हणून, की त्याचे सात फोटो बघितल्यावर? दुसरं असेल, तर तो फोटो नव्हता, प्रश्न होता. त्याने त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, पण तूही तो त्याला तोंडाने विचारला नव्हतास. फोटोवरच्या टॅगने तो विचारला गेला असं तुला वाटलं. त्याला कदाचित ते नुसतं एक नोटिफिकेशन वाटलं.

आता मैत्रिणीच्या वाक्याकडे येते. "तो तुला लपवतोय." हे वाक्य अर्धवट आहे. लपवणं नेहमी कुणापासून तरी असतं. कुणापासून, हे कळेपर्यंत त्याला काही अर्थ नाही. घरच्यांना अजून सांगितलं नाही म्हणून घरच्यांपासून? ऑफिसात चघळतील म्हणून तिथल्यांपासून? आधीच्या नात्यातली व्यक्ती अजून डोकावून त्रास देते म्हणून तिच्यापासून? की जिच्याशी अजून बोलणं चालू आहे अशा कुणापासून? पहिल्या तीन कारणांमध्ये तू सोळा महिन्यांनीही आदराने राहू शकतेस. चौथ्यात नाही.

बाहेरून बघून हे चार वेगळे करता येत नाहीत. पण बोलून करता येतात, आणि त्याला एक सोपी युक्ती आहे. हल्ली प्रत्येक ठिकाणी नेमक्या लोकांना वगळता येतं. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला 'हे लोक सोडून सगळे' अशी निवड असते. इन्स्टावर क्लोज फ्रेंड्सची यादी करता येते, ती स्टोरी फक्त त्यांनाच दिसते. स्टोरी ठराविक लोकांना दिसू नये असंही करता येतं. फेसबुकवर एखादी पोस्ट काही मित्रांना वगळून ठेवता येते. त्यामुळे कुणी कारण म्हणून एखाद्या गटाचं नाव घेतलं, तर तेवढाच गट वगळून चालेल का, असं विचारता येतं. कारण खरं असेल तर समोरचा बहुतेक वेळा सुटल्यासारखा होतो. खरं नसेल तर कारण जागा बदलतं.

माझ्याकडे पूर्वी आलेलं एक पत्र सांगते, ओळख पटेल असं सगळं गाळून. त्या वाचकाची जोडीदार शिक्षिका होती. तिला त्याच्यासोबतचा एकही फोटो चालत नसे आणि तो मनातून खचला होता. त्याने शेवटी विचारलं, "नक्की कोणाला दिसायला नको?" ती म्हणाली, विद्यार्थ्यांचे पालक मला फॉलो करतात, ते मुलांसमोर बोलतात. मग दोघांनी बसून क्लोज फ्रेंड्सची यादी केली, तिच्या बहिणी, कॉलेजच्या मैत्रिणी, त्याचा भाऊ, अशी पंचवीस-तीस नावं. तिने त्याच रात्री त्यांचा फोटो त्या यादीला टाकला. त्याने लिहिलं, की फोटोपेक्षा ती यादी करताना प्रत्येक नावाला ती "हिला आवडशील तू" असं म्हणत होती, ते त्याला पुरलं.

दुसरं पत्र नेमकं उलटं. तिच्या मित्राने कारण सांगितलं, ऑफिस. ती म्हणाली, ऑफिसवाले सोडून टाक. तेव्हा तो म्हणाला, चुलतभाऊ आगाऊ आहेत. ती म्हणाली, त्यांनाही सोड. मग म्हणाला, मित्र चिडवतील. तेही सोडायची तयारी दाखवल्यावर म्हणाला, "तुझा माझ्यावर विश्वासच नाही." चार पावलांत तो ऑफिसमधून तिच्या स्वभावापर्यंत आला. एक फोटो बघायला दहा विश्वासू माणसंही त्याला सापडली नाहीत. अशी दहा माणसं कुणाकडे नसणं मी समजू शकते, पण सहाशे फॉलोअर्सना रोज जेवण दाखवणाऱ्याकडे नसणं नाही.

तू विचारताना फोटोपासून सुरुवात कर, नात्यापासून नको. "आपलं पुढे काय?" असं म्हटलंस की तो बचावात जाईल आणि दोन बोटं बाजूला राहतील. फोन बाजूला ठेव आणि साधं म्हण, "त्या सहलीच्या फोटोत तू मला कापलंस, माझी बोटं राहिलीत, ते बघून मला वाईट वाटलं. आपण सोबत आहोत हे कुणाला कळू नये असं वाटतं तुला?" आणि मग गप्प बस. हे कठीण असतं, कारण त्याने तोंड उघडण्याआधी आपणच त्याच्या वतीने तीन सबबी पुरवतो. नको पुरवूस. त्याने नाव घेतलं, घरचे, ऑफिस, कुणीही, तर तो गट वगळायची तयारी दाखव आणि काय होतं ते बघ. घरच्यांचं नाव घेतलं तर एक प्रश्न जास्तीचा विचार: त्यांना सांगायचं कधी? "बघू" हे त्याचं उत्तर नाही. "बहिणीचं लग्न झालं की" हे आहे, ते तुला आवडो न आवडो. त्यात निदान एक दिवस येणार आहे.

काही कारणं अशी असतात की तिथे तू मागे हटावंस. कुणी घटस्फोटाच्या मध्यात आहे, मुलांच्या ताब्याचा प्रश्न चालू आहे, किंवा पूर्वीची व्यक्ती पाठलाग करते, तर ऑनलाइन अदृश्य राहणं हा शहाणपणा आहे. तशा माणसाचा फोटो टॅग करणं ही तुझीच चूक ठरेल. मात्र अशी गोष्ट सोळा महिन्यांत तुझ्या कानावर आली नसेल, तर फोटो सोड, ती का आली नाही हे विचार.

फोटोंचा पाऊस पाडणाऱ्यांविषयी एवढंच सांगते, की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत त्यांच्या जोडीदारांचीही कमतरता नसते. एकीला रोज टॅग व्हायचं, हृदयाची चिन्हं लावून, आणि एक टॅग काढला म्हणून दोन दिवस अबोला. तिथे टॅग म्हणजे मालकीची पाटी होती. तेव्हा न दिसण्याला लगेच नाकारणं समजू नकोस, आणि दिसण्याला लगेच प्रेम.

पडद्याबाहेरचं तू फार कमी लिहिलंयस, "चांगला वागतो" एवढंच. मला हे जाणून घ्यायला आवडलं असतं: सायकलवाल्या ग्रुपमधले किती जण तुला नावाने ओळखतात? तो कुणाचा फोन आला की तुझ्यासमोर "हो, आम्ही दोघं बाहेर आहोत" म्हणतो, की "हो, बाहेर आहे" म्हणतो? आजारी पडलास तर मला कोण कळवेल, असं त्याला विचारलंस तर त्याच्याकडे एक तरी नाव असेल? प्रोफाइलवर शून्य आणि इथे भरपूर, तर तुझ्या प्रियकराला इंटरनेटशी वावडं आहे, तुझ्याशी नाही. इथेही शून्य असेल, तर फोटो कापण्याआधीपासून तू चौकटीबाहेर होतीस.

ती फेसबुकची रिक्वेस्ट मात्र आज मागे घे. रागाने नाही, त्याला न सांगता, सहज. पाच महिने एक प्रश्न त्याच्या दाराशी पडलाय आणि तू रोज जाऊन बघतेस की उचलला का. तो उचलून घरी आण. मग त्याला समोर बसवून, तोंडाने विचार. काय म्हणाला ते लिही, आणि ते कॅप्शनही.

— ताई